निवेदकावाचून आरंभ : ‘हनीलँड’च्या पहिल्या पाच मिनिटांचा विचार

संस्कृत नाटकाच्या प्रस्तावनेत सूत्रधार रंगभूमीवर येतो, नटीशी दोन शब्द बोलतो, कवीचे व नाटकाचे नाव सांगतो आणि निघून जातो. अनुबोधपटात या सूत्रधाराची जागा दीर्घकाळ निवेदकाने घेतली होती. फरक इतकाच की नाटकातला सूत्रधार प्रस्तावना संपताच अंतर्धान पावे, तर अनुबोधपटाचा निवेदक शेवटच्या चौकटीपर्यंत प्रेक्षकाच्या कानाशी बसून राही. आपल्याकडे हा आवाज सर्वांच्या परिचयाचा आहे. १९४८ साली स्थापन झालेल्या फिल्म्स डिव्हिजनचे पट चित्रगृहांतून मुख्य चित्रपटापूर्वी दाखविले जात आणि धरण असो, लोकनृत्य असो वा कुटुंबनियोजन असो, एकच भारदस्त स्वर प्रेक्षकाला काय पाहावे व त्याचा अर्थ काय घ्यावा हे सांगत असे. त्यामागे व्यावहारिक कारणही होते. एकच चित्रफीत अनेक भाषांच्या प्रांतांत पाठवायची, तर पडद्यावरील माणसांना बोलू न देता वरून बोलणारा आवाज बदलणे सर्वांत स्वस्त पडे. निवेदक ही अशा रीतीने काही अंशी कलेची आणि काही अंशी हिशेबाची सोय होती. १९६७ साली सुखदेव यांनी ‘इंडिया ६७’ हा पट निवेदनावाचून केला, तेव्हा त्याच संस्थेच्या भिंतींच्या आत ही सोय प्रथम गंभीरपणे नाकारली गेली असे म्हणता येईल.

आज निवेदक नाकारण्यात नवल उरलेले नाही. किंबहुना निवेदकाचे नसणे हीच आता एक रूढी होऊ लागली आहे. प्रश्न उरतो तो असा की निवेदक नसताना पटाच्या आरंभी त्याचे काम कोणी करावयाचे? हा प्रश्न विशेष टोकदार होतो तो पहिल्या पाच मिनिटांत, आणि त्यातही आंतरराष्ट्रीय महोत्सवाच्या निवडकर्त्यासमोर. निवडकर्ता म्हणजे ज्याला महोत्सवांच्या व्यवहारात प्रोग्रॅमर म्हणतात तो. सनडान्स महोत्सवाकडे २०१९ सालासाठी चौदा हजारांहून अधिक चित्रकृती आल्या होत्या. त्यांपैकी सुमारे चार हजार पूर्ण लांबीच्या होत्या आणि निवडल्या गेलेल्या पूर्ण लांबीच्या चित्रपटांची संख्या शंभराच्या थोडी वर होती. अशा महोत्सवात बहुतेक प्रवेशिका आधी प्राथमिक वाचकांसारखे काम करणारी माणसे पाहतात, त्यांवर टिपण लिहितात आणि त्यांतील काही वरच्या निवडकर्त्यांकडे जातात. पाहणे होते ते बहुधा घरच्या संगणकावर, लहान पडद्यावर, आधीचे दोन-तीन पट डोळ्यांत घेऊन. हा प्रेक्षक तिकीट काढून आलेला नाही. काळोख्या सभागृहात त्याला कोणी बसवून ठेवलेले नाही. बोटाच्या एका हालचालीने तो पट थांबवू शकतो.

या परिस्थितीचा एक अर्थ बहुतेक तरुण दिग्दर्शक असा लावतात की आरंभी जे सर्वांत भडक असेल ते मांडावे. म्हणून शेकडो पटांचा आरंभ एकसारखा झालेला दिसतो. पडदा काळा, त्यावर बातम्यांतील तुटक आवाज. मग पहाटेचे आकाश व उंचावरून टिपलेली नदी. मग तीन-चार माणसांचे एकेक वाक्य, प्रत्येक वाक्य अर्ध्यावर तोडलेले. मग पांढऱ्या अक्षरांत आकडेवारी. आणि शेवटी पटाचे नाव. या आरंभात निवेदक नाही असे कर्त्याला वाटते. वस्तुतः निवेदक तेथे आहेच, फक्त त्याचे तुकडे करून ते बातमीदाराच्या, साक्षीदाराच्या आणि अक्षरांच्या तोंडी वाटून दिले आहेत. प्रेक्षकाला अजून एकही गोष्ट स्वतःच्या डोळ्यांनी कळलेली नसते; जे कळले ते सारे कोणी तरी सांगितलेले. शिवाय निवडकर्त्याने त्याच आठवड्यात असे दहा आरंभ पाहिलेले असतात. साध्या प्रेक्षकाला जो आरंभ वेगवान वाटतो, तोच त्याला जाहिरातपटाचा अवशेष वाटतो.

मग निवडकर्ता पहिल्या पाच मिनिटांत शोधतो काय? माहिती तो शोधत नाही. माहिती त्याला पटासोबत आलेल्या टिपणात मिळालेली असते. त्याला दोन गोष्टींची खात्री हवी असते. एक, या कर्त्याला त्या जगाच्या आत प्रवेश मिळालेला आहे, तो कुंपणाबाहेरून पाहत नाही. दुसरी, काय सांगायचे राखून ठेवले आहे हे या कर्त्याला ठाऊक आहे. म्हणजे जे कळत नाही ते गोंधळामुळे कळत नाही असे नसून योजनेमुळे कळत नाही. या दोन्ही खात्री शब्दांनी देता येत नाहीत. त्या दृश्याच्या घडणीतूनच मिळाव्या लागतात. याचे सर्वांत अभ्यसनीय उदाहरण म्हणजे ‘हनीलँड’ हा उत्तर मॅसिडोनियातील पट.

तमारा कोटेव्हस्का आणि ल्युबोमिर स्तेफानोव्ह यांचा हा पट २०१९ च्या सनडान्स महोत्सवात दाखविला गेला. जागतिक अनुबोधपटांच्या स्पर्धेत त्याला परीक्षकांचे सर्वोच्च पारितोषिक मिळाले, छायालेखनाचे खास पारितोषिक मिळाले आणि पुढील वर्षी ऑस्करसाठी अनुबोधपट व परभाषी चित्रपट अशा दोन्ही विभागांत त्याचे नामांकन झाले. एकाच पटाला या दोन्ही विभागांत स्थान मिळण्याचा तो पहिलाच प्रसंग होता. त्याचा उगम मात्र अत्यंत साधा होता. ब्रेगाल्निका नदीच्या प्रदेशातील निसर्गसंरक्षणाच्या एका उपक्रमासाठी लघुपट करावयाचा होता, आणि त्या भटकंतीत हातिजे मुरातोव्हा ही मधमाश्या पाळणारी प्रौढ स्त्री कर्त्यांना आढळली. बेकिर्लिया या जवळजवळ ओस पडलेल्या गावात ती आपल्या अंथरुणाला खिळलेल्या वृद्ध आईसह राहत होती. वीज नव्हती, रस्ता नव्हता. सुमारे तीन वर्षे चित्रीकरण चालले आणि चारशे तासांच्या आसपास चित्रफीत जमली. पटाची लांबी दीड तासाहूनही थोडी कमी आहे. या दोन आकड्यांतील अंतर ध्यानात ठेवले, म्हणजे पहिली पाच मिनिटे ही मिळालेली नसून निवडलेली आहेत हे वेगळे सांगावे लागत नाही.

आरंभ असा आहे. विस्तीर्ण, उजाड, पिवळसर माळ. त्यावरून चालत जाणारी एक लहानशी आकृती. दुरून दिसतो तो तिच्या अंगावरील पिवळा रंग आणि डोक्यावरील रुमाल. कोण, कोठे, केव्हा, काही नाही. ती चालते, चढते, डोंगराच्या कड्याशी येते आणि कड्याच्या अंगाने जाणाऱ्या अगदी अरुंद वाटेवरून पुढे सरकते. खाली खोल दरी. आता कॅमेरा जवळ आलेला आहे. एका ठिकाणी ती थांबते, दगडाची चीप बाजूला काढते, आणि आत, खडकाच्या भेगेत, मधमाश्यांनी गजबजलेली पोळी दिसतात. उघड्या हातांनी, कोणतीही घाई न करता, ती त्यांत हात घालते. तेथून माश्या घेऊन ती घरी परतते, आणि घरात, अंधाऱ्या खोलीत, आई आहे.

या काही मिनिटांत एका गोष्टीकडे प्रथम लक्ष दिले पाहिजे. हे दृश्य कृतीचे आहे आणि त्या कृतीला आरंभ, अडचण व परिणाम आहे. स्त्री कोठे चालली आहे हा पहिला प्रश्न. कडा आला की तो प्रश्न बदलतो, आता ती पडेल काय असे वाटू लागते. चीप हलली की पहिल्या प्रश्नाचे उत्तर मिळते आणि लगेच तिसरा प्रश्न उभा राहतो, हे ती कशासाठी करते? घरातील आई हे त्या तिसऱ्याचे उत्तर. प्रेक्षकाला एका प्रश्नात फार वेळ अडकवून ठेवलेले नाही आणि एकही उत्तर फुकट दिलेले नाही. नाट्यशास्त्राने मुखसंधीत बीज पेरले जाते असे म्हटले आहे. येथील बीज म्हणजे एक नाते आहे: एक बाई, एक कीटकसमूह, आणि त्यांच्यामधला अलिखित करार. पट पुढे सरकल्यावर हा करार हातिजेच्या तोंडून शब्दांतही ऐकू येतो, अर्धे मधमाश्यांना आणि अर्धे आपल्याला. परंतु तो शब्दांत येण्यापूर्वीच तिच्या हातांच्या संथपणात तो दिसलेला असतो. निवेदकाने जे एका वाक्यात सांगितले असते, ते येथे एका हाताच्या गतीने सांगितले आहे, आणि म्हणूनच पुढे ते वाक्य ऐकताना प्रेक्षकाला ते उपदेशासारखे वाटत नाही. आपल्याला जे आधीच ठाऊक आहे त्याला तिने नाव दिले, इतकेच.

निवडकर्त्याला हव्या असलेल्या दोन खात्रींपैकी पहिली, म्हणजे आतल्या प्रवेशाची, येथे कशी मिळते हेही पाहण्यासारखे आहे. कड्याच्या अरुंद वाटेवर ती चालते तेव्हा कॅमेरा तिच्या मागे धापा टाकीत धावत नाही. ती येण्यापूर्वी तो योग्य जागी पोचलेला आहे. याचा अर्थ ती वाट कर्त्यांना आधीपासून माहीत आहे, तिने ती दाखविलेली आहे, आणि तिच्या कामात त्यांचा अडथळा होत नाही असे तिने मानलेले आहे. ज्याने शेकडो पट पाहिले आहेत त्याला हे एका क्षणात उमगते. पाहुणा म्हणून दोन दिवस जाऊन आलेल्या मंडळींना ही जागा मिळत नाही. अर्थात याच कारणामुळे दुसरी एक शंकाही संभवते. दृश्य इतके नीट बसलेले आहे की ते करवून घेतलेले तर नाही? ही शंका अनुबोधपटाइतकीच जुनी आहे. फ्लाहर्टी यांच्या १९२२ सालच्या ‘नानूक’पासून ती मागे लागलेली आहे. ‘हनीलँड’ तिचे उत्तर सौंदर्याने देत नाही, कौशल्याने देते. पोळ्यात घातलेला तो हात अभिनयाने शिकविता येणारा नाही. दूरच्या चौकटीतील चालणे पुन्हा करवून घेता येईल. मधमाश्यांमधील ती शांती करवून घेता येत नाही. दूरच्या, संशयास्पदरीत्या सुंदर दृश्यानंतर लगेच हे जवळचे दृश्य यावे यात संकलकाचे शहाणपण आहे.

आता दुसरी खात्री. काय राखून ठेवले आहे? जवळजवळ सर्वच. पटाचा खरा संघर्ष अजून पडद्यावर आलेला नाही. शेजारी येऊन उतरणारे साम कुटुंब, त्यांची सात मुले, त्यांची गुरे, हुसेन सामचा मधाचा धंदा, व्यापाऱ्याच्या घाईने त्याने अवेळी काढलेला मध आणि त्यापायी हातिजेच्या पेट्यांवर त्याच्या माश्यांनी घातलेला घाला, हे सर्व पुढे आहे. कोणाही कर्त्याला मोह व्हावा असा हा ऐवज होता. साम कुटुंबाच्या आगमनाने पट सुरू करता आला असता: गाडी, गोंगाट, गुरे, मुले, आणि खिडकीतून पाहणारी एकटी बाई. दृश्य म्हणून ते कड्याहून अधिक हालते आहे. तरीही तो आरंभ चुकीचा ठरला असता, कारण काय मोडले जात आहे हे ठाऊक नसताना मोडतोड केवळ धावपळ दिसते. नियम आधी दिसावा लागतो, मग त्याचा भंग. पहिल्या पाच मिनिटांत नियम प्रस्थापित झाला असल्यामुळेच पुढे साम कुटुंबाची गाडी दिसताच, कोणी काहीही न सांगता, प्रेक्षकाच्या मनात काळजी उत्पन्न होते.

दुसरा संभाव्य आरंभ स्कोप्येच्या बाजारातला. हातिजे मध घेऊन राजधानीस जाते, दुकानदारांशी भाव करते आणि केस रंगविण्याचा रंग विकत घेते. हा प्रसंग मोठा गोड आहे. ती एखाद्या प्राचीन लेण्यातली मूर्ती नसून हौस असलेली बाई आहे हे त्यातून कळते. शिवाय त्यात बोलणे आहे, पैशांचे आकडे आहेत, म्हणजे माहिती आपोआप मिळते. परंतु तेथून आरंभ केला असता तर ती प्रथम विक्रेती ठरली असती, आणि मध ही प्रथम किंमत असलेली वस्तू ठरली असती. पटाचा सारा रोख नेमका त्याविरुद्ध आहे. तिसरा पर्याय आईच्या खोलीचा. अंधार, कंदिलासारखा उजेड, वृद्धेचा चेहरा, मायलेकींचे विनोदी व कडू बोलणे. या आरंभाने निवडकर्ता हलला असता यात शंका नाही, पण तो करुणेने हलला असता, आणि एकदा करुणा आली की ती स्त्री दीड तास त्या करुणेखालीच राहते. कड्यावरून येऊन ती खोलीत शिरते तेव्हा ती आपल्या दृष्टीने आधीच एक समर्थ बाई असते. म्हणून आईच्या अंथरुणाशी बसलेली ती दीनवाणी दिसत नाही. त्याच दोन दृश्यांचा क्रम उलटला असता, तर पटाची नायिका बदलली असती.

या आरंभामागे संकलनाची एक रीत आहे आणि ती समजून घेतल्याशिवाय हा विवेचनाचा धागा अपुरा राहील. मायलेकी जी बोली बोलतात ती तुर्कीची एक जुनी बोली आहे आणि ती कर्त्यांना समजत नव्हती. चित्रीकरण करताना काय बोलले जात आहे हे त्यांना शब्दशः कळत नसे. म्हणून संकलक अतानास गेओर्गिएव्ह आणि दिग्दर्शक यांनी प्रथम पटाची बांधणी संवादाचा अर्थ बाजूला ठेवून, दृश्यांच्या आधाराने केली. भाषांतरे हाती आल्यावर त्यांवर संवादांचा थर चढला. अडचणीतून निघालेली ही रीत आज इतरांनी स्वेच्छेने स्वीकारण्यासारखी आहे. निवेदकाशिवाय पट उभा राहतो की नाही याची याहून कठोर कसोटी नाही. आवाज पूर्ण बंद करून पहिली पाच मिनिटे अनोळखी माणसाला दाखवावी आणि कोण, काय करू पाहत आहे व त्यात अडचण कोणती एवढेच विचारावे. उत्तर मिळाले तर आरंभ दृश्याने उभा आहे. न मिळाले आणि कर्ता म्हणू लागला की पुढे संवादात ते येतेच, तर तेथे निवेदक लपलेला आहे असे समजावे.

संवाद नसण्याचा आणखी एक लाभ आहे, तो लहान परंतु परभाषी महोत्सवाच्या संदर्भात फार मोलाचा. ज्याला बोली कळत नाही तो निवडकर्ता पडद्याखालची अक्षरे वाचतो. वाचताना त्याची नजर चौकटीच्या तळाशी असते. आरंभीच बोलणे आले तर चेहरा, हात, जागा यांची पहिली ओळख नजरेच्या कोपऱ्यातून होते. मराठीत वा कोंकणीत अनुबोधपट करणाऱ्याला हा तोटा कायमचा आहे, कारण त्याच्या पात्रांचे पहिले वाक्यसुद्धा परदेशी निवडकर्त्याला वाचूनच कळणार. ‘हनीलँड’च्या कड्यावर वाचण्यासारखे काही नाही, नजर मोकळी आहे.

यावरून असा निष्कर्ष काढणे सोपे आहे की निवेदकाविना आरंभ म्हणजे मूक आरंभ. तो चुकीचा ठरेल. मेझल्स बंधू आणि शार्लट झ्वेरिन यांचा ‘सेल्समन’ हा १९६९ सालचा पट याचे उलट उदाहरण आहे. तो बोलण्याने सुरू होतो आणि बोलणे थांबतच नाही. दारोदार फिरून महागडे बायबल विकणारा पॉल ब्रेनन एका गृहिणीसमोर बसला आहे. ग्रंथ उघडून दाखवितो, चित्रे दाखवितो, किंमत सांगतो. ती किंमत ४९ डॉलर ९५ सेंट आहे. बाईला ती परवडणारी नाही. जवळ तिची लहान मुलगी आहे, आणि सौदा जमत नाही हे उघड झाल्यावर ती मुलगी पियानोवर काही स्वर वाजविते आणि पॉल तेथे बसून राहतो. माणूस काय विकतो, कोणाला, किती किमतीला, आणि त्याला ते जमेनासे झाले आहे, हे सारे पहिल्याच प्रसंगात कळते. निवेदकाची येथे गरज नाही, कारण बोलणे हा पॉलचा धंदाच आहे. समोरच्याला वस्तू समजावून सांगणे हे त्याचे काम, आणि ते समजावणे आपण शेजारच्या खुर्चीवर बसून ऐकतो. तो आपल्याशी बोलत नाही म्हणून ते निवेदन होत नाही.

येथे ‘हनीलँड’ आणि ‘सेल्समन’ यांच्यातील वरकरणी विरोध मावळतो. दोन्हीकडे माणूस आपले नित्याचे काम करीत आहे आणि ते काम त्या दिवशी सोपे नाही. हातिजेचे काम मुके आहे, पॉलचे बोलके. बोलणे असावे की नसावे हे कर्त्याच्या रुचीवर अवलंबून नाही, निवडलेल्या कामावर आहे. वकील, शिक्षक, लिलाव पुकारणारा, गाडीत औषध विकणारा फिरस्ता, यांच्या तोंडचे शब्द हेच त्यांचे हत्यार. त्यांना गप्प करून नुसते चेहरे दाखविणे हा निराळ्या प्रकारचा कृत्रिमपणा होईल. उलट मीठ गोळा करणाऱ्या आगऱ्याला कॅमेऱ्यासमोर बसवून आपला दिवस कसा जातो हे वदवून घेतले, तर तो बिचारा निवेदकच झाला. फक्त त्याला त्याचे मानधन मिळत नाही.

‘सेल्समन’च्या आरंभाबद्दल आणखी एक गोष्ट नोंदविली पाहिजे. चार विक्रेत्यांवरील हा पट पॉलच्या अपयशाने सुरू होतो. हा पट मुख्यतः पॉलचा आहे हे संकलनाच्या टेबलावर हळूहळू उमगत गेले, असे त्याच्या घडणीचा इतिहास सांगतो. आरंभ सर्वांत शेवटी ठरतो, हा अनुभव संकलकांत सार्वत्रिक आहे. महोत्सवाची मुदत जवळ आलेली असताना मात्र नेमके उलटे होते. आरंभाची पाच मिनिटे आधी घासून पुसून चकचकीत केली जातात आणि उरलेला पट त्यांच्या मागे कसाबसा जोडला जातो. हे ओळखण्याची खूण सोपी आहे. पाचव्या-सहाव्या मिनिटाला, नाव येऊन गेल्यावर, पटाची गती एकाएकी बदलते. दृश्यांची लांबी दुप्पट-तिप्पट होते, संगीत नाहीसे होते, आणि कोणी तरी खुर्चीत बसून बोलू लागते. निवडकर्त्याच्या भाषेत सांगायचे तर वचन एकाने दिले आणि माल दुसऱ्याने पाठविला. ‘हनीलँड’मध्ये पहिल्या पाच मिनिटांतील चालीचा संथपणा पुढेही टिकतो. जो तेथे थांबला त्याची पुढे फसवणूक होत नाही, आणि ज्याला तो संथपणा मानवत नाही तो आरंभीच उठून जातो. दुसऱ्याचे उठून जाणे हाही प्रामाणिक आरंभाचा परिणाम मानला पाहिजे.

या पद्धतीच्या मर्यादा दाखविणारा पट म्हणून लुसियाँ कास्टेंग-टेलर आणि व्हेरेना पॅराव्हेल यांच्या २०१२ सालच्या ‘लेव्हायथन’चा निर्देश करता येईल. न्यू बेडफर्डच्या बंदरातून निघालेल्या मासेमारी जहाजावर अनेक छोटे कॅमेरे माणसांच्या अंगाला, काठ्यांना, दोरांना बांधून हा पट टिपला आहे. आरंभीची मिनिटे बहुतांशी अंधाराची आहेत: रात्र, साखळ्यांचा घरघराट, पाण्याचा मारा, कोठे तरी लाल-पिवळा तुकडा. माणूस कोठे संपतो आणि यंत्र कोठे सुरू होते हे कळू नये अशीच योजना आहे. मोठ्या सभागृहात, चारी बाजूंनी येणाऱ्या आवाजात, हा आरंभ प्रेक्षकाला अक्षरशः गिळतो. लोकार्नोच्या महोत्सवात त्याचे स्वागत झाले. परंतु हाच आरंभ घरच्या संगणकाच्या बोटभर ध्वनिक्षेपकांतून ऐकला तर घरघराटाची खरखर होते आणि अंधाराची नुसती काळी चौकट. येथे कृती आहे, पण ती करणारा माणूस हाती लागत नाही. प्रश्न आहे, पण तो एकच, हे काय चालले आहे, आणि तो बराच वेळ बदलत नाही. ज्यांच्या आधीच्या कामाची निवडकर्त्याला ओळख आहे, त्यांच्या बाबतीत तो हा अंधार योजनेचा आहे असे मानून थांबतो. अनोळखी विद्यार्थ्याच्या पटात तोच अंधार अननुभवाचा मानला जाण्याचा धोका आहे. हा न्याय नाही, पण व्यवहार असा आहे.

त्या दृष्टीने ‘हनीलँड’च्या आरंभाचे आणखी एक वैशिष्ट्य डोळ्यांत भरते. तो लहान पडद्यावर निम्मा होतो, पण नाहीसा होत नाही. दूरच्या चौकटीतली आकृती ठिपक्याएवढी दिसली तरी पिवळ्या रंगामुळे ती ओळखू येते. कड्याची खोली थोडी उणावते. पण चीप, पोळे आणि हात हे जवळचे असल्यामुळे तेवढेच राहतात. ध्वनीतही मधमाश्यांचा गुंजारव हा लहान ध्वनिक्षेपकालाही पेलणारा आहे. छायालेखक फेजमी दाऊत आणि समीर ल्युमा यांनी हे संगणकाचा विचार करून टिपले असे म्हणण्याचे कारण नाही. पण चारशे तासांतून आरंभ निवडताना दूरचे आणि जवळचे यांची अशी जोडी निवडली गेली, त्यामुळे पटाचा आधार एका प्रकारच्या चौकटीवर टेकलेला राहिला नाही. केवळ उंचावरून टिपलेल्या प्रदेशावर ज्यांचा आरंभ उभा असतो, त्यांचे नेमके येथे नुकसान होते. सभागृहात जो प्रदेश भव्य वाटतो तो संगणकावर नकाशासारखा दिसतो.

एक आक्षेप मात्र उरतोच. हातिजेचे जीवन अनेक कारणांनी घडलेले आहे: त्या गावातील तुर्की भाषिक वस्ती का उठून गेली, तिचे लग्न का झाले नाही, राज्याने तेथे वीज का नेली नाही. यांपैकी लग्नाचा विषय पुढे मायलेकींच्या बोलण्यात येतो. बाकीची कारणे फारशी येत नाहीत. निवेदक असता तर त्याने दोन मिनिटांत हा इतिहास सांगितला असता आणि कदाचित प्रेक्षकाचा राग योग्य जागी वळविला असता. कृतीने सुरू होणारा पट जे दिसते त्याच्याशी बांधलेला असतो, आणि इतिहास बहुधा दिसत नाही. ज्या विषयाचा गाभाच न दिसणारा आहे, एखादा कायदा, एखादा करार, एखादी जुनी फाळणी, त्याला कड्यावरची वाट उपयोगी पडेलच असे नाही. तेथे कर्त्याने ‘सेल्समन’प्रमाणे ज्याचे कामच त्या कायद्याविषयी बोलणे आहे असा माणूस शोधावा, किंवा निवेदकाला लाज न बाळगता परत बोलवावे.

‘हनीलँड’चा शेवट पुन्हा मधाच्या पोळ्याशी होतो. हिवाळा आहे, आई गेलेली आहे, शेजारी निघून गेलेले आहेत. हातिजे कुत्र्याला घेऊन डोंगरात जाते, पोळ्याचा तुकडा तोडून खाते आणि थोडा कुत्र्याला देते. या वेळी ती कोण, कोठे चालली, कशासाठी, यांपैकी एकही प्रश्न प्रेक्षकाला पडत नाही.